भाजणीची पंचवीस वर्षं

नमस्कार मंडळी. नव्या वर्षाच्या सगळ्यांना मनापासून शुभेच्छा. सणाचा दिवस, घरी पाहुणे, तरी वेळात वेळ काढून आलात. समोर बघते तर निम्म्याहून जास्त चेहरे असे आहेत, की नाव नंतर आठवतं, आधी काय नेता ते आठवतं. अर्धा किलो थालीपीठ भाजणी, पाव किलो मेतकूट, एक पुडा गोडा मसाला.

२००१ सालच्या पाडव्याला आपण दुकान उघडलं. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी, २६ जानेवारीला भूकंप झाला होता. कच्छ उद्ध्वस्त झालं होतं आणि इकडे बडोद्यातही लोक रात्री अंथरुणं घेऊन मैदानात झोपत होते. ह्यांची कंपनी बंद पडून वर्ष होत आलं होतं. सगळे म्हणत होते, थांब जरा, हे दिवस दुकान काढायचे नाहीत. पण दोन मुलांच्या शाळेची फी थांबणार नव्हती. दांडिया बाजारातल्या वाड्याचा ओटा मालकांनी पहिले सहा महिने भाडं न घेता दिला. आज ते नाहीत, त्यांच्या सूनबाई इथे बसल्या आहेत. वहिनी, तुमच्या सासऱ्यांनी त्या सहा महिन्यांचं भाडं पुढेही कधी मागितलं नाही. आज सगळ्यांसमोर सांगते.

पहिल्या दिवशी तीन किलो भाजणी केली होती. घरच्या कढईत, एकेक धान्य वेगळं भाजून. आईने तसंच शिकवलं होतं. बाजरीला लागतो तो वेळ उडदाला लागत नाही, आणि धने तर पाठ फिरवली की करपतात. सगळं एकत्र टाकून भाजलं तर वेळ वाचतो, पण एक कच्चं राहतं आणि एक जळतं. पंचवीस वर्षांत हे बदललं नाही.

एकदा मात्र माझी चूक झाली. २००९ ची दिवाळी. चकलीच्या भाजणीला इतकी मागणी आली की भाजलेली धान्यं पुरती गार व्हायच्या आत मी दळायला पाठवली, आणि पीठ कोमट असतानाच पिशव्या बंद केल्या. धनत्रयोदशीच्या सकाळी रावपुऱ्यातल्या एक आजी काठी टेकत दुकानात आल्या. काही बोलल्या नाहीत. पिशवी उघडून मूठभर पीठ माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "वास घे." कुबट वास होता. पिशवीला आतून घाम सुटला होता. मग म्हणाल्या, "मी दुसरीकडून आणू शकले असते गं. पण तुला कोण सांगणार?"

त्या दिवशी रंजनबेन आणि मी वहीत नावं बघून घरोघरी फिरलो. एक्केचाळीस घरं. पिशव्या परत घेतल्या, पैसे दिले, आणि रात्री जागून नवी भाजणी केली. ऐन दिवाळीत गॅसवर कढई चढवून बसलेल्या बायकांना दारात जाऊन "हे वापरू नका" सांगायचं म्हणजे काय, ते आम्हा दोघींना ठाऊक. पण एकही घर तुटलं नाही. त्या आजी आता नाहीत. भाजणी परातीत पसरून रात्रभर गार करायची, हा नियम त्यांचा आहे. दुकानात नव्या येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी तो त्यांच्या आठवणीसकट सांगते.

आमच्या गुजराती बहिणींचे आभार वेगळे मानायला हवेत. सुरुवातीला "आ शुं छे?" म्हणून हातात घेऊन बघायच्या. आज थालीपीठना लोटाचं गिऱ्हाईक निम्मं गुजराती आहे, आणि सेव उसळीच्या तरीचा मसाला तर मराठी घरांपेक्षा त्याच जास्त नेतात. बडोद्यात हे असंच व्हायचं. इथे कुणाचं काय, हे स्वयंपाकघरात कधीच वेगळं राहिलं नाही.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता. टाळेबंदीचा तो पहिला दिवस. दुकानाचा वाढदिवस आणि शटर बंद. त्यापुढच्या आठवड्यात परवानगी काढून आम्ही पुन्हा दळण सुरू केलं. दिलीपभाई सायकलवर पुडे घेऊन सोसायट्यांच्या फाटकापर्यंत जात होते, वरून टोपली खाली यायची. कितीतरी घरांत मुलं परदेशी आणि म्हातारी दोघंच होती. दिलीपभाई त्यांची औषधंही आणून द्यायचे. मी त्यांना कधी तसं सांगितलं नव्हतं. दिलीपभाई, उभे राहा जरा. सगळ्यांना बघू द्या.

आणि २०२४ चा ऑगस्ट. विश्वामित्रीचं पाणी अकोट्याच्या आपल्या गोदामात कमरेपर्यंत आलं. पाणी ओसरल्यावर दार उघडलं, तर तांदूळ आणि डाळीची चौदा पोती फुगून फाटली होती. मी तिथेच पायरीवर बसले. वाटलं, झालं, आता पुरे. सुमनमावशींनी पदर खोचला आणि फावडं उचललं. त्यांच्या स्वतःच्या घरात गुडघाभर चिखल होता, तो तसाच ठेवून त्या आल्या होत्या. दुपारपर्यंत गिऱ्हाइकांची कॉलेजातली मुलं बादल्या आणि खराटे घेऊन हजर. हाथीखान्यातल्या आपल्या धान्याच्या व्यापाऱ्यांनी माल पाठवला आणि निरोप दिला, "पैसा दिवाळी पछी आपजो." ते पैसे फिटलेत. उपकार फिटणार नाहीत.

आता पुढचं. इथून पुढे भाजण्याचं काम अकोट्याला होणार नाही. मांजलपूरला उंच जोत्याची जागा घेतली आहे, अक्षय्य तृतीयेला तिथे कढई चढेल. गहू आणि हरभऱ्याच्या डाळीसाठी परतायचं यंत्र घेतलं आहे, कारण पंचवीस वर्षं उलथनं चालवून सुमनमावशींचा खांदा गेला आहे. उडीद, धने, जिरे हातानेच भाजले जातील. तिथे वास कळावा लागतो.

गावोगावी शाखा काढा, असं पुष्कळ जण सांगतात. आम्ही काढणार नाही. बाहेरगावच्यांना कुरिअरने माल मिळेल, तेवढं पुरे.

आणि एक गोष्ट, जी मी अजून त्या दोघींनाही सांगितलेली नाही. घरात मुलं, सून, आम्ही दोघं असं बसून ठरवलं आहे. येत्या १ एप्रिलपासून रंजनबेन आणि सुमनमावशी दुकानात पगारी राहणार नाहीत. दोघी भागीदार होतील, प्रत्येकी दहा टक्के. कागद तयार आहेत, सह्या उद्या सकाळी करू. रंजनबेन, रडू नका हो, मलाही बोलता येणार नाही. गल्ल्यावर मी बसले म्हणून दुकान माझं म्हणवलं गेलं. हात तुमचे होते.

बाकीच्या सात जणींसाठीही याच वर्षापासून नफ्यातला वाटा दिवाळीत वेगळा निघेल. हिशेबाची वही सगळ्यांना उघडी असेल.

गिऱ्हाइकांना एकच मागणं. त्या आजींसारख्या या. काही चुकलं तर दुसऱ्या दुकानात जाण्याआधी पिशवी घेऊन आमच्याकडे या, आणि आमच्या हातावर पीठ ठेवा. मी नसले तर या दोघींच्या हातावर.

बाहेर पन्हं ठेवलंय, आणि प्रत्येकासाठी पाव किलोचा पुडा आहे. परवा भाजली, काल दळली. जाताना नक्की घेऊन जा.