थकलेल्या बिलांचे पैसे चार हप्त्यांत देण्याबाबत

भोसरी, पुणे
25 ऑगस्ट 2025

महेंद्रभाई, नमस्कार.

शनिवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "तारीख सांगा, गोष्ट नको." म्हणून तारखाच लिहून पाठवतोय.

माझ्या लेजरप्रमाणे तुमची तीन बिलं बाकी आहेत: 14 जूनचं 2,46,000, 2 जुलैचं 2,58,000 आणि 21 जुलैचं 1,80,000. एकूण 6,84,000 रुपये. पहिल्या दोन बिलांची 45 दिवसांची मुदत उलटली आहे, तिसऱ्याची 4 सप्टेंबरला संपते. तुमच्या वहीत आकडा वेगळा असेल तर आधी तो जुळवून घेऊ.

अडचण एकाच ठिकाणी आहे. चाकणच्या ज्या गिऱ्हाइकाला मी पॅनल बॉक्स देतो, त्यांनी जुलैपासून पेमेंट 45 वरून 75 दिवसांवर नेलं. माल पास झालाय, तक्रार नाही, पण माझे अकरा लाख तिथे अडकलेत. काम कमी झालेलं नाही.

हप्ते असे:

29 ऑगस्ट – 1,50,000
15 सप्टेंबर – 1,50,000
30 सप्टेंबर – 1,84,000
15 ऑक्टोबर – 2,00,000

पहिला हप्ता मी सीसी लिमिटमधून एनईएफटी करतो. दुसरा जॉबवर्कच्या वसुलीतून निघेल, त्याला चाकणच्या पैशांची वाट बघायची नाही. शेवटचे दोन मात्र त्या पैशांवरच आहेत, हे लपवत नाही. तरी तिन्ही हप्त्यांचे पुढच्या तारखेचे चेक उद्या मुलाबरोबर पाठवतो. तारखेला सरळ बँकेत टाका, मला विचारायची गरज नाही.

दोन विनंत्या आहेत. तुमच्या बिलावर उशिराला 18 टक्के व्याज छापलेलं आहे. हप्ते वेळेवर आले तर ते लावू नका. एक जरी चुकला, तर मूळ मुदतीपासून लावा, मी वाद घालणार नाही. दुसरं म्हणजे माल थांबवू नका. 1.6 एमएमचा सीआर पत्रा मला दर आठवड्याला लागतो. जुना हिशेब मिटेपर्यंत नवा माल रोखीत घेतो: गाडी भरण्याआधी पैसे खात्यात. उधारी वाढणार नाही. पत्राच आला नाही तर बॉक्स निघणार नाहीत, आणि मग हे हप्तेही अवघड होतील.

लांबवण्यात माझाही फायदा नाही. बिलाला 180 दिवस झाले की जीएसटीचं इनपुट क्रेडिट व्याजासह परत भरावं लागतं. जूनच्या बिलाची ती मुदत डिसेंबरात येते. शिवाय दिवाळीचा बोनस द्यायच्या आत तुमचं खातं मला कोरं करायचंय.

परवा गणपती बसतात, तेव्हा उद्या संध्याकाळपर्यंत 'चालेल' एवढं व्हॉट्सॲपवर लिहिलंत तरी पुरे. रकमा किंवा तारखा मागेपुढे हव्या असतील तर फोन करा. पहिला हप्ता मात्र तुमच्या उत्तरासाठी अडणार नाही, तो 29 तारखेला येतोच.

आपला,
संजय