रिसेप्शनच्या चॅटबॉटबद्दल, कोटेशनवर सही होण्याआधी

नाशिक
९ फेब्रुवारी २०२६

आदरणीय पाटील मॅडम,
सप्रेम नमस्कार.

शनिवारी फोनवर तुम्ही दोन गोष्टी विचारल्या होत्या. बॉट बसवला की रात्रपाळीची रिसेप्शनिस्ट कमी करता येईल का, आणि पेशंटच्या किरकोळ तक्रारींना तोच परस्पर उत्तरं देईल का. मी तेव्हा 'बघू' म्हणालो. खरं तर दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. कोटेशनवर सही व्हायच्या आधी ते लेखी तुमच्या हातात असावं म्हणून हे पत्र लिहितोय. मोठ्या सरांनाही वाचायला द्या.

मागच्या महिन्यात मी चाळीसगावला येऊन दोन दिवस तुमच्या काउंटरमागे स्टुलावर बसलो होतो. सोमवारी सकाळी नऊ ते एक या वेळात शीतलने ७४ फोन घेतले. मी वहीत रेघा मारत होतो. ४१ जणांना एवढंच हवं होतं की डॉक्टर आलेत का, कधी येणार, आज ऑर्थोचे सर आहेत का. १२ जण रिपोर्ट झाला का म्हणून विचारत होते, ९ जणांना नंबर लावायचा होता आणि ५ जणांना 'योजनेत बसतं का' हे हवं होतं. उरले सात. ते खरे आजारपणाचे फोन होते. त्यातल्या एका बाईंना शीतलने मध्येच थांबवून 'लगेच घेऊन या' म्हटलं आणि दुसऱ्या हाताने कॅज्युअल्टीला इंटरकॉम लावला.

बॉट त्या ६७ फोनांसाठी आहे. सातांसाठी शीतलच लागणार, रात्रीसुद्धा. ६७ कमी झाले की तिला सातांकडे नीट लक्ष देता येईल, एवढाच माझा दावा आहे.

आता तो चालेल कसा ते सांगतो. पेशंट व्हॉट्सॲपवर लिहील, मराठीत, हिंदीत किंवा 'dr aale ka' असं इंग्रजी अक्षरांत. त्याला नेमकं काय हवंय, हे ओळखण्याचं काम एआय करेल. एआयचं काम तिथे संपतं. उत्तर तो स्वतःच्या मनाने रचणार नाही. तुम्ही लिहून दिलेली आणि सरांनी वाचून सही केलेली साधारण साठ उत्तरं असतील, त्यातलंच एक जाईल. वेळा, सुट्ट्या आणि फी तो एका गूगल शीटमधून उचलेल. कशातच बसत नसेल तर 'तुमचा निरोप रिसेप्शनला दिला आहे' असं लिहून तो मेसेज काउंटरच्या स्क्रीनवर टाकेल.

हा बॉट थोडा ठोकळ वाटेल, मला कल्पना आहे. तुमच्या भाचेबुवांनी दाखवला तसा छान गप्पा मारणारा बॉट मलाही करता येतो, आणि त्याला मेहनतही कमी पडते. पण गेल्या वर्षी एका पॅथॉलॉजी लॅबसाठी मी तसा करून पाहिला होता. सुरू करायच्या आदल्या दिवशी तपासताना मी विचारलं, 'सकाळी उपाशीपोटी शुगर आहे, चहा चालेल का?' बॉटने अगदी गोड मराठीत सांगितलं की बिनसाखरेचा चालेल. उपाशीपोटी म्हणजे फक्त पाणी, हे त्या लॅबच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. असली यंत्रं ठाऊक नसलेली गोष्टही ठाऊक असल्याच्याच सुरात सांगतात, म्हणून उत्तर रचण्याचं काम मी त्यांच्याकडून काढून घेतलं.

जबाबदारीही बॉटवर ढकलता येत नाही. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीचा नियम चुकीचा सांगितला. चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा युक्तिवाद कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. तिथे तिकिटाचे पैसे होते. आपल्याकडे कोणाचं तरी मूल असेल.

औषधांबद्दल तर बॉट एक अक्षर बोलणार नाही. 'बाळाला ताप आहे, पॅरासिटामॉल किती देऊ' हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण बाटली कोणती? १२० मिलिग्रॅमच्या सिरपचा अर्धा चमचा, म्हणजे अडीच मिली, दिला तर ६० मिलिग्रॅम औषध जातं. २५० वाल्यातून १२५ जातं. आणि घरात थेंबांची बाटली असेल, एका मिलीत १०० मिलिग्रॅमची, तर त्याच अडीच मिलीत २५० जातं. बॉटला ना बाटली दिसते, ना बाळाचं वजन. शिवाय मार्च २०२० च्या केंद्राच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्टच लिहिलंय की एआयवर चालणाऱ्या यंत्रणेने रुग्णाला सल्ला द्यायचा नाही आणि औषध सुचवायचं नाही. ते काम फक्त नोंदणीकृत डॉक्टरचं. तेव्हा 'साधं क्रोसिन तरी सांगू दे' या आग्रहाला माझा नकार आहे आणि तो पैशांसाठी नाही.

रिपोर्टचा फोटो आला तर तो वाचून सांगणार नाही. सोनोग्राफीबद्दल वेळ आणि 'भरपूर पाणी पिऊन या' याच्या पुढे जाणार नाही. कोणीतरी 'मुलगा की मुलगी' विचारणार, हे गृहीत धरा. त्याला एकच ठरलेलं उत्तर जाईल, की गर्भलिंगनिदान हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि इथे ते होत नाही. हा मजकूर मॅडम डॉक्टरांनी स्वतः तपासून द्यावा.

योजनेच्या प्रश्नावर बॉट 'बसतं' किंवा 'बसत नाही' असं म्हणणार नाही. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्रांना भेटा, ते अमुक वेळेत अमुक खिडकीवर असतात, इतकंच सांगेल. खिडकीवर आल्यावर 'तुमच्या व्हॉट्सॲपवर तर होतं म्हणाले' हे भांडण तुम्हाला नको आहे.

तातडीच्या मेसेजवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे. छातीत दुखणं, दम लागणं, साप, विंचू, फवारणीचं औषध, पोटातलं बाळ हलत नाही, असं काही दिसलं की बॉट एकही प्रश्न विचारणार नाही. लगेच हे जाईल:

```
हे तातडीचं असू शकतं. मेसेजची वाट पाहू नका.
आत्ता कॅज्युअल्टीला फोन करा किंवा थेट या.
रुग्णवाहिका: 108
```

वर कॅज्युअल्टीच्या नंबरचं बटण असेल आणि काउंटरच्या कॉम्प्युटरवर घंटी वाजेल. पण सगळे ओळखता येतील अशी हमी मी देऊ शकत नाही. तुमच्या वॉर्डातल्या आप्पांशी चहा पिताना हे लक्षात आलं. मी सापाचे सहा-सात शब्द लिहून नेले होते. आप्पा म्हणाले, 'खेड्यावरचा माणूस साप म्हणतच नाही हो, पान लागलं म्हणतो.' माझ्या यादीत ते नव्हतं. बॉटने ते विड्याचं पान समजून ओपीडीची वेळ पाठवली असती. अहिराणीचंही तसंच. 'मना पोटमा दुखस' इतकं तो समजेल, पण आजीबाई पुढे जे सांगतील ते समजेलच असं नाही. म्हणून आप्पा, मावशी आणि शीतल यांच्याबरोबर मला एक दुपार हवी आहे. नुसते शब्द गोळा करायला. आणि बॉटच्या पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असेल की हा डॉक्टर नाही, माणूसही नाही, तातडीचं असेल तर फोन करा.

व्हॉइस नोट पहिल्या तीन महिन्यांत बॉट ऐकणार नाही, ती काउंटरवर जाईल. निम्मे लोक बोलूनच पाठवतात, म्हणजे शीतलचं थोडं काम वाढेलही. हे आधीच सांगून ठेवतो.

खासगीपणाचा मुद्दा. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही, फक्त 'तुमचा रिपोर्ट तयार आहे, काउंटरवरून घ्या' एवढंच जाईल. तपासणीचं नावसुद्धा नाही. तुमच्या केसपेपरवर सुनेच्या नावापुढे सासऱ्यांचा मोबाइल नंबर असतो, मी पाहिलंय. तिची प्रेग्नन्सी टेस्ट आधी त्यांना कळायला नको. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही माहिती कामापुरतीच घ्या आणि काम झालं की काढून टाका, असंच आहे. मेसेजेस नव्वद दिवसांनी आपल्या सर्व्हरवरून पुसले जातील.

खर्च थोडक्यात. माझे ६५,००० तीन हप्त्यांत आणि पुढे देखभालीचे महिना २,५००. व्हॉट्सॲपचं बिल थेट तुमच्या नावावर येईल. पेशंटने लिहिल्यापासून चोवीस तासांत दिलेल्या साध्या उत्तराला मेटा पैसे घेत नाही. त्यानंतर आपण होऊन मेसेज पाठवायचा तर तो आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्याला पैसे पडतात. त्यामुळे सणाच्या शुभेच्छा वगैरे नकोत. काउंटरचा जुना नंबर फोनसाठी तसाच ठेवू, बॉटला वेगळं सिम घ्या.

शेवटी त्या शीटबद्दल, कारण सगळं तिथेच अडणार आहे. ऑर्थोचे सर धुळ्याहून येतात आणि कधी कधी दहाला फोन करून 'आज जमत नाही' म्हणतात. शीतल ते भिंतीवरच्या फळ्यावर लिहिते. त्याच मिनिटाला शीटमध्ये 'नाही' झालं नाही, तर बॉट दिवसभर चाळीस जणांना 'सर ११ ला येतील' सांगत राहील आणि कोणीतरी मोडका हात घेऊन एसटीने येईल. त्याचा काही इलाज माझ्याकडे नाही. शीटमध्ये सकाळी साडेनऊपर्यंत कोणी हात लावला नसेल तर बॉट वेळ न सांगता 'काउंटरला फोन करून खात्री करा' म्हणेल, एवढी सोय मी केली आहे. पण भरायचं तुमच्याच माणसांनी.

तर मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. साठ उत्तरांचा मसुदा सोबत जोडलाय, त्यावर सरांची पानोपानी सही. आप्पांबरोबरची ती दुपार, शक्यतो २० तारखेच्या आधी. आणि शीट भरणाऱ्या दोन माणसांची नावं. दोन अशासाठी, की शीतल एप्रिलमध्ये लग्नाच्या रजेवर जाणार आहे असं तीच म्हणाली.

आपला,
समीर