वधूसाज : नऊवारी, इरकल आणि केशरचनेचे दर

बेळगाव, खानापूर व निपाणी परिसरातील लग्नांसाठी नऊवारी नेसवणे, खोपा किंवा अंबाडा घालणे, गजरा माळणे व मुंडावळ्या बांधणे हा पूर्ण साज आम्ही ६,५०० रुपयांत करतो. कन्नड रिवाजाप्रमाणे इरकल साडी आणि फुलांनी सजवलेली लांब वेणी हवी असल्यास ५,५०० रुपये होतात. लग्नाच्या किमान १० दिवस आधी २ तासांचा सराव होतो व तो याच दरात धरलेला आहे. सरावाला लग्नाचीच साडी आणावी, कारण काष्टा कापडाच्या जाडीप्रमाणे बसतो, आणि अक्षतांपासून सप्तपदीपर्यंत वधूला मोकळेपणाने बसता-उठता आलेच पाहिजे, असा आमचा आग्रह असतो. तारीख ठरवताना २,००० रुपये आगाऊ द्यावे लागतील.