टॉवेल कारखान्यातला पहिला दिवस: एकेकाला नमस्कार

(सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. टेरी टॉवेलचा कारखाना. डिसेंबरातली सकाळ, पहिली पाळी नुकतीच सुरू झालीय. क्वालिटी तपासणीसाठी रेश्मा आज रुजू होतेय. ती इचलकरंजीची, टेक्स्टाईलचा डिप्लोमा झालेली.)

गेटवर

रेश्मा: नमस्कार काका. मी रेश्मा. आजपासून क्वालिटीला आलेय. रजिस्टरमध्ये सही करायची ना?

वॉचमन काका: हो की. इथं नाव, इथं वेळ. कुठनं येऊलालाव?

रेश्मा: गाव इचलकरंजी. इथं अशोक चौकाजवळ खोली घेतलीय. काका, संध्याकाळी सुटल्यावर रिक्षा मिळते का हो?

वॉचमन काका: सहापर्यंत मिळते. उशीर झाला तर मला सांगा, मी थांबवून देतो एखादी.

रेश्मा: बरं झालं विचारलं. येते काका.

ऑफिसात

रेश्मा: गुड मॉर्निंग सर. जॉइनिंगचे कागद आणलेत. आधी सगळ्यांना भेटून येऊ का? टेबलावर बसले की उठणं होणार नाही.

मॅनेजर: जा, जा. शुभम दाखवेल सगळं. फक्त लूमच्या पट्ट्याजवळ ओढणी सांभाळा.

रेश्मा: ओढणी इथंच काढून ठेवते सर. अकाउंटच्या मॅडम, नमस्कार. आधार आणि बँकेचं पासबुक दुपारी आणून देते, चालेल?

अकाउंटच्या मॅडम: चालेल गं. जेवायला आमच्यात ये. डबा आणलायस ना?

रेश्मा: आणलाय मॅडम.

क्वालिटीच्या टेबलाशी

रेश्मा: शुभम ना? मी रेश्मा. आपण दोघंच आहोत या टेबलाला, त्यामुळे 'मॅडम' नको, नावानेच हाक मार. तू इथं माझ्या आधीपासून आहेस, तेव्हा इथली पद्धत तू शिकवायची.

शुभम: नक्की. हा जीएसएम कटर, चौरस मीटरला किती ग्रॅम ते काढायला. गोल तुकडा निघतो, 100 चौरस सेंटिमीटरचा. वजन गुणिले 100.

रेश्मा: म्हणजे साडेचार ग्रॅम भरला तर 450. कटर तोच, तिकडे साध्या कापडाला वापरलाय. टेरी मात्र मला नवीन आहे, खरं सांगते. एक विचारू? माल नापास केला तर पहिल्यांदा कोणाला कळवता?

शुभम: रजिस्टरला लिहितो. मग सर बघतात.

रेश्मा: मला वाटतं, लिहायच्या आधी ज्याच्या हातातून माल आला त्याच्याकडे जावं. तू नाही गेलास तरी मी जाईन. रजिस्टरमध्ये दोष दिसतो, कारण लूमपाशीच कळतं. आता सगळ्यांना हेच सांगणार आहे मी, तू बरोबर असशील तर बरं.

लूमवर

(इथे आवाज इतका की जवळ जाऊन बोलावं लागतं. अण्णा एक लूम बंद करून तुटलेली तार जोडताहेत: दोन टोकं बोटांत धरली, गाठ मारली, फणीतून ओढून घेतली.)

रेश्मा: (गाठ पूर्ण होईपर्यंत थांबून) नमस्कार अण्णा. बागुन्नारा?

अण्णा: (हसून) तेलुगू येतं का तुला?

रेश्मा: एवढंच येतं अण्णा! खोलीच्या मालकीणबाईंनी काल शिकवलं. मी रेश्मा, क्वालिटीला नवीन. तुमचं काम थांबवत नाही, लूम चालू करा. मी इथं उभी राहते.

अण्णा: क्वालिटीवाले उभे राहिले की आम्हाला धडकी भरते बाई.

रेश्मा: म्हणूनच आधी तुमच्याकडे आले. माझे वडील पण लूमवरच होते, आयुष्यभर ग्रे कापड विणलं त्यांनी. तपासणीवाला बोट न लावता लांबून 'रिजेक्ट' म्हणायचा, त्याचा त्यांना फार त्रास व्हायचा. मी तसं करणार नाही. माल घेऊन तुमच्यापाशी येईन आणि विचारेन. पण तुम्हीही बीम ढिलं पडलं, लूप ओढले जायला लागले, तर माल खाली उतरायच्या आधी मला हाक मारा. उगाच बोलणी खाऊ नका.

अण्णा: बरं. टेरी बघितलंय का कधी विणताना?

रेश्मा: पुस्तकात. दोन बीम असतात, खालच्या कापडाचं घट्ट आणि लूपचं ढिलं.

अण्णा: मग हे बघ. फणी दोनदा अर्धीच येते. तिसऱ्या धोट्याला पूर्ण ठोकते, की ढिल्या तारा उभ्या राहतात. बघ आता... हा! दिसला लूप?

रेश्मा: दिसला! तीन धाग्यांना एक ओळ. अण्णा, जेवणानंतर परत येऊ का? दहा मिनिटं नुसती बघत उभी राहीन.

अण्णा: ये. त्या पलीकडच्या लूमवर फिटर मामा आहेत, त्यांनाही राम राम घाल. ते बोलत नाहीत फार, पण कान चांगला आहे. आवाजावरून सांगतात काय बिघडलंय.

रेश्मा: राम राम मामा. मी रेश्मा, नवीन.

फिटर मामा: राम राम. (मान हलवून पुन्हा पाना हातात घेतात.)

डाईंगला

रेश्मा: नमस्कार मास्तर. क्वालिटीला आलेय. तुमच्याकडून पहिल्यांदा एक समजून घ्यायचंय. तपासताना टॉवेल हाताला मऊ लागला की आपण खूश होतो, पण पाण्यावर टाकला तर तरंगतच राहतो. तुमच्याकडे काय अनुभव?

मास्तर: सॉफ्टनर जास्त झालं की तेच होतं. गिऱ्हाईक मऊ मागतं, मग पाणी कोण पिणार? मी मोजूनच टाकतो, पण ऑर्डरवाले 'अजून मऊ, अजून मऊ' करतात.

रेश्मा: मग पुढच्या लॉटला दोन्ही नमुने करू या मास्तर, कमी आणि जास्त. दोन्ही पाण्यावर टाकून सरांना समोर दाखवू. तुमचं म्हणणं तुमच्या एकट्याचं राहणार नाही.

मास्तर: हे आधी कोणी म्हटलं नव्हतं. कर.

शिलाईला

रेश्मा: नमस्कार अक्का, नमस्कार मावशी. रेश्मा. आराम अदीरी?

अक्का: अगं बाई, कानडीसुद्धा! आराम. कुठची तू?

रेश्मा: इचलकरंजीची. तिकडं सीमेवर थोडं कानी पडतं. अक्का, टॉवेलच्या कडेची शिवण तुम्ही दुमडून घेता की नुसती मारता?

अक्का: दुमडून. नाहीतर तिसऱ्या धुण्याला दोरा सुटतो. ही बघ माझी आणि ही काल आलेल्या पोरीची. तिची थोडी वाकडी आहे, पण तिला लिहू नकोस हं. शिकतेय.

रेश्मा: नाही लिहिणार. उद्या तिच्याजवळ बसेन. तुम्ही सांगितलं म्हणून मलाही कळलं, नाहीतर मी नुसता टॉवेल बाजूला काढला असता.

मावशी: जानेवारीत गड्ड्याला आमच्याबरोबर ये. सिद्धेश्वराची यात्रा बघितलीस का कधी? नंदीध्वज निघतात बघ, बघत राहावं असं.

रेश्मा: नाही बघितली. तुम्ही नेलं तर नक्की येते.

अक्का: आणि दुपारी शेंगाचटणी घे माझी. कडक भाकरी आहे.

रेश्मा: मॅडमनाही कबूल केलंय. दोन्हीकडे जेवते!

पॅकिंगला

रेश्मा: नमस्कार दादा. रेश्मा, क्वालिटी. तुमच्याकडे माल आला की चूक सापडणारे शेवटचे तुम्हीच, म्हणून तुम्हाला सगळ्यांत जास्त विचारणार आहे. आज कुठला लॉट जाणार?

पॅकिंगवाले दादा: सत्तर बाय एकशे चाळीस सेंटिमीटरचा, निळा. 400 जीएसएम सांगितलंय.

रेश्मा: म्हणजे एक नग साधारण 392 ग्रॅम भरायला हवा. पाच नग काट्यावर टाकू या का आत्ताच? शुभम, कटर आण. दादा, वरचे नको, मधले काढा.