रात्रीचा ओव्हर घेणाऱ्यांसाठी: परिचारिका दिनाच्या सत्कार समारंभातलं भाषण

मंचावरचे जिल्हा शल्यचिकित्सक साहेब, निवासी वैद्यकीय अधिकारी, नर्सिंग स्कूलच्या प्राचार्या मॅडम, आणि समोर बसलेल्या माझ्या सगळ्या सिस्टर, ब्रदर, मावश्या, मामा आणि विद्यार्थ्यांनो, नमस्कार.

दरवर्षी 12 मेचा आपला कार्यक्रम सकाळी अकराला होतो. म्हणजे ज्यांनी रात्रभर वॉर्ड सांभाळला ते घरी जाऊन झोपलेले, आणि ज्यांची रात्र लागणार आहे ते दुपारी डोळा लागावा म्हणून धडपडत असलेले. गुलाबाची फुलं मॉर्निंगवाल्यांनी मॉर्निंगवाल्यांनाच द्यायची आणि फोटो काढायचा. यंदा आम्ही वेळ बदलून संध्याकाळी सहाची केली. आठला तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ओव्हर घ्यायचा आहे, त्यामुळे भाषण लांबवायचं नाही अशी ताकीद परिसेविकांनी मला आधीच देऊन ठेवली आहे. आत्ता वॉर्डात असलेल्या इव्हिनिंगच्या मुलींची आठवण मी आधी काढते. त्या तिकडे आहेत म्हणून आपण इकडे बसलोय.

आता मागे फोटो लावलाय, हार घातलाय, तर नाइटिंगेलबाईंबद्दल बोलायलाच हवं. त्या 12 मे 1820 ला जन्मल्या, हे पहिल्या वर्षाच्या मुलींनाही पाठ आहे. हातात दिवा घेऊन रात्री फिरायच्या, तेही पाठ आहे. तो दिवा आपल्या फोटोत असतो तसा समईसारखा नव्हता. घडीचा तुर्की कंदील होता, साधा. पण मला त्यांच्या दिव्यापेक्षा त्यांची वही जास्त आवडते. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात सैनिक कशानं मरतात याचा त्यांनी हिशेब मांडला, तर निघालं काय, की जखमांपेक्षा घाणीतून होणाऱ्या आजारांनी जास्त माणसं जात होती. 1855 च्या मार्चमध्ये स्वच्छतेचं पथक आलं. इस्पितळाखालची तुंबलेली गटारं उपसली, हवा खेळायला वाट केली, आणि मृत्यू झपाट्यानं उतरले. ती गटारं ज्यांनी उपसली त्यांचा फोटो कुठल्याच हॉस्पिटलात लागलेला नाही. म्हणून यंदा सत्काराच्या यादीत पहिली नावं सफाई विभागाची आहेत. कुणाला क्रम चुकलाय असं वाटलं असेल, तर चुकलेला नाही.

रात्रपाळीचं काम दिसत नाही, कारण ते चांगलं झालं की रिपोर्ट बुकात एका ओळीत बसतं. सकाळी राउंडला साहेब विचारतात, "रात्री काही विशेष?" आपण म्हणतो, "विशेष काही नाही, सर." मी तुम्हाला त्या 'विशेष काही नाही'मधली एक रात्र सांगते.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. घाटाखालच्या पाड्यावरून एक बाई आली, तिसरं बाळंतपण. दीडच्या सुमारास सुटली, बाळ रडलं, सगळं व्यवस्थित. त्या रात्री प्रसूती कक्षात एक स्टाफ, एक दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आणि एक मावशी. शेजारच्या टेबलावर दुसरी बाई कळा देत होती, त्यामुळे स्टाफ तिकडे. मावशी पाणी पाजायला या बाईजवळ गेल्या. बाई म्हणाली, "मला झोप येतेय." बाळंतीण दमते, झोप येणारच, असं म्हणून कुणीही पुढं गेलं असतं. मावशींनी तिचा हात हातात घेतला आणि तिथूनच आवाज दिला, "सिस्टर, हिचे हात गार लागतायत." चादर उचलली तर खाली रक्ताचं थारोळं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. विद्यार्थिनीनं पोटावरून गर्भाशय चोळायला घेतलं, आणि हात भरून आले तरी सोडलं नाही. स्टाफनं दुसरी शीर धरली, ऑक्सिटोसिन चालू केलं, लघवीची नळी घातली, ऑन कॉल मॅडमना फोन लावला. एकाच वेळी, दोन हातांनी. हे पुस्तकात क्रमानं लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात क्रम नसतो. मामा नमुना घेऊन रक्तपेढीकडे पळाले. आपली रक्तपेढी मागच्या इमारतीत, मधल्या वाटेवर दिवा नाही, धो धो पाऊस. क्रॉसमॅच होईपर्यंत ते खिडकीशी उभे राहिले आणि पिशव्या पोटाशी धरून परत आले. मॅडम पोचल्या तेव्हा गर्भाशय घट्ट झालेलं होतं. सकाळी रिपोर्टला ओळ होती: "एक पीपीएच, रक्त दोन पिशव्या, पेशंट स्टेबल." त्यात मावशींचा हात नाही आणि मामांचे भिजलेले कपडेही नाहीत. रिपोर्ट बुकात ते यायचंही नसतं, तो कागद त्यासाठी नाहीच. म्हणून आज माइकवरून सांगतेय. या चौघांतले तिघं समोर बसलेत. चौथी, ती विद्यार्थिनी, आता शेवटच्या वर्षाला आहे आणि आज तिची रात्र आहे. ती मागच्या रांगेत लपून बसलीय ते मला दिसतंय.

आता थोडं कडू बोलते. फक्त सिस्टर आणि ब्रदर लोकांशी.

मावशींना आपण मावशी म्हणतो, मामांना मामा. नाती जोडतो. आणि त्याच मावशींच्या हातातल्या पिवळ्या पिशवीत कधी कधी आपलीच सुई निघते. सुई पांढऱ्या डब्यात, नळ्या-सलाईनचे सेट लाल पिशवीत, काच निळ्यात, रक्ताचे बोळे नि वार पिवळ्यात. हे काय मी तुम्हाला शिकवायचं? पण रात्री तीन वाजता सहा ॲडमिशन आलेली असतात, डबा लांब असतो, आणि हात जवळच्या पिशवीकडे जातो. ती पिशवी पहाटे कुणीतरी गाठ मारून उचलणार असतं, बहुतेक वेळा साध्या हातमोज्यांनी. तुम्ही आज त्यांना शाल द्या, टाळ्या वाजवा, मला आनंदच आहे. पण खरा मान डबा ट्रॉलीवर ठेवण्यात आहे.

आणि मावश्यांनो, मामांनो, तुमच्यासाठी: सुई टोचली तर "जाऊ दे, थोडंसंच लागलंय" म्हणून दाबून टाकायचं नाही. कुणी रागावेल म्हणून घाबरायचं नाही. साबण-पाण्यानं धुवायचं, जखम पिळायची नाही, आणि लगेच इमर्जन्सीत येऊन सांगायचं. एचआयव्हीसाठीची औषधं 72 तासांच्या आत चालू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली. रात्री टोचली तर रात्रीच यायचं, सकाळची वाट पाहायची नाही. कावीळ ब ची लस तीन डोसांची असते: पहिला, एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. तुमच्यातल्या कित्येकांचा पहिलाच झालेला आहे, मी कार्डं पाहिली. येत्या सोमवारपासून लसीकरण कक्ष सकाळी साडेसातलाच उघडेल, म्हणजे रात्रपाळीवाल्यांना घरी जाता जाता डोस घेता येईल. कंत्राटी असोत, कायम असोत, यादी एकच आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या वाट्याला माझं प्रेम आणि थोडी बोलणी, दोन्ही.

पहिली नाईट कशी जाते मला ठाऊक आहे. अकरापर्यंत उत्साह, दोनला भूक, चारला आई आठवते. चारच्या सुमाराला टीपीआर चार्टवर अचानक सगळ्या वॉर्डाचं टेंपरेचर 98.6 होतं. (हसू नका, तुमच्या शेजारी बसलेल्या सिस्टरनीही कधीतरी केलंय.) माझं एकच सांगणं आहे: बीपी घेतलं नसेल तर ती जागा मोकळी सोडा. मागचाच आकडा उतरवून काढू नका. मोकळी जागा दिसली की कुणीतरी जाऊन बीपी घेईल. भरलेल्या जागेकडे कुणीच वळून पाहणार नाही, आणि त्या पेशंटचं बीपी नेमकं त्याच तासात पडत असतं. औषध देताना शंका आली तर झोपलेल्या सिनिअरला उठवा. ती चिडेल. चिडू दे. दुसऱ्या दिवशी तिनं तुम्हाला छळलं तर माझ्याकडे या, माझं दार उघडं आहे.

आणि सिनिअरनो, विद्यार्थी म्हणजे मनुष्यबळाची भरपाई नव्हे. त्या शिकायला आल्यात. तीस खाटांचा वॉर्ड एका मुलीच्या भरवशावर टाकून आपण शेजारच्या वॉर्डात जायचं, हे मजबुरीनं होतं, मान्य. पण मजबुरीची सवय होऊ नये. भरतीचा प्रस्ताव साहेबांनी वर पाठवलाय, मी पाठपुरावा करतेय, आणि पद भरेपर्यंत नाईट सुपर फेरीत त्या वॉर्डाला पहिलं प्राधान्य देतील.

शेवटचा विषय सुरक्षिततेचा. 1973 साली मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग या आपल्या सहकारी परिचारिकेवर हल्ला झाला. त्या ड्युटी संपवून कपडे बदलायला गेल्या होत्या. पुढे 2015 मध्ये त्या जाईपर्यंत केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. भरवलं, अंग पुसलं, कुशी बदलल्या. ज्यांनी त्यांना धडधाकट कधी पाहिलंच नव्हतं अशा मुलींनीही. आपण त्या सेवेचा अभिमान बाळगतो, बाळगायलाच हवा. पण मला त्यातली कपडे बदलायची खोली विसरता येत नाही. म्हणून मी यंदा साहेबांकडे भेटवस्तू मागितल्या नाहीत. मागितलं ते असं: चेंजिंग रूमला आतून कडी, रक्तपेढीच्या वाटेवर दिवे, आणि नऊला बंद होणाऱ्या कॅन्टीनमधून रात्रपाळीसाठी गरम जेवणाची सोय. कडी काल बसली. दिव्यांचे खांब पावसाळ्याआधी उभे राहतील असं बांधकाम विभागानं लेखी दिलंय, तो कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, कुणीही येऊन वाचावा. जेवणाचं अजून अडलेलं आहे. साहेब, सगळ्यांसमोर आठवण करून देतेय, राग मानू नये.

कंत्राटी मामा-मावश्यांचे पगार उशिरा होतात, हेही मी विसरलेले नाही. ते माझ्या हातात नाही, पण दर महिन्याच्या दहा तारखेला मी पत्र देणार आहे. पगार झाला असला तरी देणार आहे, आभाराचं.

साडेसहा होऊन गेले. आता सत्कार. पहिल्यांदा सफाई विभाग, मग कक्षसेवक आणि आया, मग रुग्णवाहिकेचे चालक, मग विद्यार्थी, आणि शेवटी रात्रपाळीच्या अधिपरिचारिका. नाव पुकारलं की पटापट पुढे या, शाल अंगावर राहू द्या, फोटो एकत्रच काढू. बाहेर पोहे आणि चहा आहे. रात्रपाळीवाल्यांनी आधी घ्यायचं, बाकीच्यांनी थांबायचं. आणि इव्हिनिंगच्या मुलींनी निरोप पाठवलाय की आज ओव्हर सव्वाआठला घेतला तरी चालेल, घास गिळत पळत येऊ नका.

सफाई विभागाच्या मुकादम मावशी, या पुढे.