नववी 'ब'ची निवडणूक आणि वर्गसंसद

मुलांनो, हा कागद नागरिकशास्त्राच्या वहीत चिकटवा. अठरा वर्षांचे झाल्यावर तुम्ही खरे मतदान कराल. १९८९पूर्वी त्यासाठी एकविसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागे.

आपण वर्गप्रतिनिधी निवडणार आहोत. उमेदवारी अर्ज सोमवारी, माघार मंगळवारी. अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक हवा. बुधवारी प्रत्येकाला भाषणाला दोन मिनिटे. आपल्या हातात नसलेली आश्वासने देऊ नका. वर्गप्रतिनिधी गृहपाठ बंद करू शकत नाही. मतदान शनिवारी सकाळी ९ ते १०. कायद्याने मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचार बंद असतो, म्हणून आपला प्रचार गुरुवारी १० वाजता थांबेल. चॉकलेट, पेन वाटणाऱ्याची उमेदवारी रद्द.

हजेरीपट हीच मतदारयादी. मतदान अधिकारी नाव वाचतील, डाव्या तर्जनीवर मार्करची खूण करतील, मग कपाटामागे जाऊन शिक्का मारायचा. शेवटचा पर्याय 'वरीलपैकी कोणीही नाही' हा आहे. देशाच्या निवडणुकीत तो २०१३पासून मिळतो. मतदानाआधी रिकामी पेटी सर्वांना दाखवू. समान मते पडली तर चिठ्ठी टाकू, कायदाही तेच सांगतो.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते: तू कोणाला मत दिलेस, हे जिवलग मैत्रिणीलाही विचारायचे नाही. गुप्त मतदान म्हणजे एकट्या पडलेल्या मुलाचेही संरक्षण.

पुढच्या बुधवारी शेवटच्या दोन तासिकांना वर्गसंसद. ठराव असा: 'मधल्या सुट्टीत मैदान आठवड्यातून तीन दिवस मुलींसाठी राखीव असावे.' बाजू चिठ्ठीने ठरेल. न पटणारी बाजू मांडायची वेळ आली तर कुरकुर नको. समोरच्याचे म्हणणे तेव्हाच नीट कळते.

सभापती तुम्हीच निवडायचा. बोलणे नेहमी सभापतींना उद्देशून, एकमेकांना नाही. त्यामुळे रागाची धार कमी होते, हे मी दर वर्षी पाहते. 'तुला क्रिकेटमधलं काय कळतं?' असे कोणी म्हटले तर सभापती ते शब्द कामकाजातून काढून टाकतील आणि सदस्य वाक्य पुन्हा बोलेल. उदाहरणार्थ:

'सभापती महोदया, मुलींना मैदान हवे, हे सन्माननीय सदस्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण तीन दिवस क्रिकेट बंद ठेवण्याऐवजी मैदानाचे दोन भाग करता येतील. त्यावर त्यांचे मत काय?'

यात आधी मान्य काय ते आले, मग विरोध, मग प्रश्न. उत्तर देणाऱ्यानेही आधी त्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा. 'बरोबर सांगितलंस' असा होकार आल्यावरच पुढे बोलायचे. चर्चेत मत बदलले तर उभे राहून तसे सांगा, टाळ्या पहिल्यांदा मी वाजवीन.

शेवटी सभापती म्हणतील, 'अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे', मग 'प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.' आवाजावरून कळले नाही तर हात मोजायचे. सभापतींचे मत फक्त बरोबरी झाल्यावर.

मंजूर ठराव त्याच दिवशी मुख्याध्यापिकाबाईंकडे जाईल. आठ दिवसांत लेखी उत्तर देण्याचे त्यांनी कबूल केले आहे. ते वर्गात मोठ्याने वाचू.