घरविक्री व कलम ५४ खालील सूट : कलम १४२(१) च्या नोटिशीला उत्तर

प्रति,
मा. करनिर्धारण अधिकारी, आयकर विभाग

विषय : करनिर्धारण वर्ष २०२४-२५, दि. ३ सप्टेंबर २०२५ ची नोटीस

महोदय,

एआयएसमध्ये घरविक्रीचे १,८४,००,००० रुपये दिसतात आणि विवरणपत्रात ९२,००,०००, म्हणून आपण खुलासा मागितला आहे. विक्री एकच आहे. कोथरूड, पुणे येथील माझी सदनिका मी १२ ऑक्टोबर २०२३ रोजी एका दांपत्याला ९२,००,००० रुपयांना विकली. दुय्यम निबंधक कार्यालयाने पूर्ण रक्कम कळवली. शिवाय दोन्ही खरेदीदारांनी कलम १९४-आयए खाली एक टक्का कर कापताना आपापल्या हिश्शाचे ४६,००,००० रुपये फॉर्म २६क्यूबीमध्ये दाखवले. त्यामुळे तीच रक्कम दोनदा मोजली गेली. इंडेक्स टू आणि माझे बँक खाते ताडून पाहिल्यास हे लगेच दिसेल. मुद्रांक शुल्कासाठीचे मूल्य ८८,४०,००० असल्याने कलम ५०सी चा प्रश्न येत नाही.

नफ्याचा हिशोब असा. जून २००९ मध्ये मुद्रांक व नोंदणीसह खर्च २५,१६,०००. महागाई निर्देशांक १४८ वरून ३४८, म्हणून निर्देशांकित खर्च ५९,१६,०००. दलाली ९२,००० वजा जाता दीर्घकालीन भांडवली नफा ३१,९२,०००.

विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत मनासारखे घर मिळाले नव्हते. म्हणून २४ जुलै २०२४ रोजी भांडवली नफा खाते योजनेत ३२,००,००० भरले आणि २७ जुलैला विवरणपत्र दाखल केले. १५ जानेवारी २०२५ रोजी फॉर्म सी देऊन ती रक्कम काढली आणि २० जानेवारीला नाशिक येथील ४६,५०,००० रुपयांच्या तयार सदनिकेचे खरेदीखत नोंदवले. त्याच दिवशी ३२,००,००० माझ्या खात्यातून आरटीजीएसने विक्रेत्याला गेले, उरलेले १४,५०,००० गृहकर्जातून. विक्रीपासून दोन वर्षांची मुदत ११ ऑक्टोबर २०२५ ला संपते. खरेदी त्याच्या कितीतरी आधीची आहे.

खरेदीखतावर माझ्या पतींचेही नाव आहे, याकडे मी स्वतःहून लक्ष वेधते. बँकेने कर्जासाठी सहअर्जदार मागितला, एवढेच त्याचे कारण. सूट मागितली आहे ती फक्त माझ्या विक्रीतून आलेल्या, माझ्याच खात्यातून दिलेल्या पैशांवर. कर्जाची रक्कम त्यात धरलेली नाही.

दुसऱ्या घराबद्दल विचारले आहे. गावच्या वडिलोपार्जित घरात माझा हिस्सा आहे. मात्र दुसऱ्या घरांच्या संख्येची अट कलम ५४एफ मध्ये आहे, कलम ५४ मध्ये नाही. नवी सदनिका तीन वर्षांच्या आत विकल्यास होणारा परिणाम मला माहीत आहे. आम्ही तिथेच राहतो.

सोबत दोन्ही खरेदीखते, विक्रीखत, इंडेक्स टू, नफा खात्याचे पासबुक व फॉर्म सी ची पोच, आरटीजीएसची नोंद असलेला बँक उतारा, कर्जमंजुरी पत्र, दलालीची पावती आणि ताबा पावती जोडली आहे.

३१,९२,००० रुपयांची सूट मान्य करावी, ही विनंती. काही अमान्य करण्याचा विचार असल्यास आधी व्हिडिओद्वारे सुनावणीची संधी द्यावी.

आपली विश्वासू,
करदाती
पुणे, १६ सप्टेंबर २०२५